तीस मजले चढणारी वीज

२३ फेब्रुवारी १९९१, शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली कार्यालयीन इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. भिंतीवरचं लाकडी पॅनेलिंग साफ करून झाल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या तशाच पडून राहिल्या होत्या. त्या आपोआप तापल्या आणि पेटल्या. सुरुवात इतकी साधी होती. अग्निशमन दल पोहोचलं आणि थोड्याच वेळात सगळी इमारत अंधारात गेली. लिफ्ट बंद, दिवे बंद, पंप बंद. जवानांना पाण्याचे होज आणि हवेचे सिलिंडर पाठीवर घेऊन काळोख्या जिन्याने वर जावं लागलं. आग १९ तास जळत राहिली आणि तीन जवान अठ्ठाविसाव्या मजल्यावर गुदमरून गेले. ती अखेर थांबली तिसाव्या मजल्यावर, जिथे स्प्रिंकलर बसवलेले होते.

वीज का गेली, हे नंतरच्या चौकशीत उघड झालं. इमारतीला दोन स्वतंत्र उपकेंद्रांतून वीज येत होती, म्हणजे एक गेली तर दुसरी होती. पण त्या दोन्ही वाहिन्या एकाच शाफ्टमधून शेजारी शेजारी वर चढत होत्या. बाविसाव्या मजल्यावरच्या विजेच्या खोलीत स्लॅबमधली भोकं बुजवलेली नव्हती. आग तिथून आत शिरली, वाहिन्यांचं इन्सुलेशन वितळलं आणि दोन्हींमध्ये शॉर्टसर्किट झालं. त्यानंतर आपत्कालीन जनरेटरही चालू राहिला नाही. या सगळ्यात विजेच्या यंत्रणेचा दोष शोधायचा तर तो दोन जागी सापडतो: वीज वर चढण्याचा मार्ग, आणि प्रत्येक मजल्यावर त्या मार्गाने स्लॅबमध्ये पाडलेलं भोक.

मुंबई, ठाणे, पुण्यात आज तीस-चाळीस मजले ही नवलाई राहिलेली नाही. प्रत्येक टॉवरच्या पोटात लिफ्टच्या बाजूला एक अरुंद, कुलूपबंद दार असतं. आतल्या उभ्या पोकळीला कुणी इलेक्ट्रिक डक्ट म्हणतं, कुणी शाफ्ट. तळमजल्याची वीज याच पोकळीतून वर जाते. ती कशातून न्यायची, केबलमधून की बसडक्टमधून, हा प्रश्न प्रत्येक इमारतीच्या आराखड्यात येतो आणि बहुतेकदा तो दर चौरस फुटाच्या हिशेबात सुटतो. तो ज्या दोन कसोट्यांवर सुटायला हवा, त्या वेगळ्या आहेत. या शाफ्टमध्ये शॉर्टसर्किट झालं तर किती करंट धावेल, आणि खालच्या मजल्यावरची आग वरच्या मजल्यावर जाण्यापासून काय अडवेल?

आधी दोन्ही पर्याय नीट पाहू. केबल सगळ्यांच्या ओळखीची आहे: तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार, तिच्यावर एक्सएलपीई किंवा पीव्हीसीचं आवरण, बाहेर लोखंडी आर्मर. बसडक्ट म्हणजे धातूच्या लांबट पेटीत बसवलेल्या जाड पट्ट्या. तीन फेजच्या तीन, एक न्यूट्रलची, शिवाय अर्थिंगची सोय. साधारण तीन-तीन मीटरचे तुकडे कारखान्यातून येतात आणि जागेवर बोल्टने जोडले जातात. प्रत्येक मजल्यावर एक खिडकी ठेवलेली असते. तिथे टॅप-ऑफ बॉक्स लावला की त्या मजल्यापुरती वीज काढून घेता येते. कामावरचे लोक याला ‘रायझिंग मेन’ म्हणतात.

फरक कळण्यासाठी एक इमारत कल्पून पाहू. तीस मजले, दर मजल्यावर चार सदनिका, म्हणजे १२० घरं. सगळ्यांचा लोड एकाच वेळी येत नाही हे धरून १००० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर पुरतो. जुन्या पद्धतीत सगळे मीटर तळमजल्याच्या मीटर रूममध्ये असतात आणि प्रत्येक घरासाठी वेगळी केबल वर जाते. पहिल्या मजल्याच्या चार केबल तिथेच थांबल्या, तर त्या मजल्याच्या छतातून ११६ केबल वर जातात, पुढच्या छतातून ११२, आणि असं करत करत शेवटच्या मजल्यावर चार पोहोचतात. खालच्या दहा मजल्यांत शाफ्ट म्हणजे प्लास्टिकने भरलेली उभी नळी होते. तेच काम बसडक्टने केलं, तर प्रत्येक स्लॅबमधून जातो तो साधारण वीतभर रुंदीचा एक धातूचा चौकोन. मीटर मग मजल्यावर येतात. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये केबलऐवजी बसडक्ट किंवा रायझिंग मेनला पसंती दिली आहे. तिचं कारण या ११६ आणि एकच्या हिशेबात दिसतं.

पण बसडक्ट घ्यायचा ठरला म्हणजे काम संपलं, असं नाही. खरी परीक्षा पुढे आहे.

या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा करंट सुमारे १३३३ अँपिअर. म्हणून १६०० अँपिअरचा बसडक्ट निवडला जातो आणि कोटेशन मागवलं जातं. हा १६०० चा आकडा रोजच्या वापराचा आहे. शॉर्टसर्किटच्या क्षणी जे घडतं, त्याचा आकडा ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर वेगळ्या नावाने लिहिलेला असतो. त्याला टक्केवारी इम्पिडन्स म्हणतात आणि या आकाराला तो साधारण ५ टक्के असतो. त्याचा अर्थ सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरची बाहेरची टोकं एकमेकांना थेट जोडली, तर नेहमीच्या दाबाच्या फक्त ५ टक्के दाबाने पूर्ण लोडचा करंट वाहू लागतो. मग शंभर टक्के दाबाने किती वाहील? वीस पट. म्हणजे जवळपास २६,७०० अँपिअर, म्हणजेच २६.७ किलोअँपिअर. मुख्य पॅनेलपाशी किंवा बसडक्टच्या पहिल्या काही मीटरमध्ये काही बिघडलं, तर जवळपास हा करंट धावणार. वर जाता जाता पट्ट्यांचा स्वतःचा अडथळा वाढतो, त्यामुळे शंभर मीटर उंचीवर तो वीस किलोअँपिअरच्या आसपास येतो. लांब आणि बारीक केबलमध्ये हा उतार अधिक असतो. ३०० चौरस मिलिमीटरच्या अॅल्युमिनियम केबलच्या टोकाशी, साठ मीटरवर, तो पंधरा किलोअँपिअरपर्यंत उतरतो. केबलच्या बाजूने बोलणारा हा एक खरा मुद्दा आहे.

हा करंट दोन तऱ्हांनी मारतो. एक उष्णतेने आणि दुसरा धक्क्याने.

धक्क्याबद्दल फारसं बोललं जात नाही. शेजारच्या दोन वाहकांतून करंट वाहतो तेव्हा ते एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात. रोजच्या करंटला हा जोर जाणवतही नाही. पण जोर करंटच्या वर्गाने वाढतो. शॉर्टसर्किटच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत करंटचं शिखर सरासरी आकड्याच्या दुप्पटीहून थोडं वर जातं, म्हणजे इथे ५६ किलोअँपिअरच्या घरात. दोन वाहक दहा सेंटिमीटर अंतरावर असतील, तर त्यांच्यातला जोर दर मीटरला जवळपास अर्धा टन होतो. प्लास्टिकच्या टायने ट्रेला बांधलेल्या एक-कोअर केबल अशा वेळी बंध तोडून उसळतात. म्हणून त्या तिन्ही फेज एकत्र धरणाऱ्या, चाचणी झालेल्या धातूच्या क्लीटमध्येच बसवाव्या लागतात. बसडक्टमध्ये पट्ट्या एकमेकींना चिकटवून, मध्ये इन्सुलेशनचा पातळ थर ठेवून, बाहेरून पेटीने घट्ट आवळलेल्या असतात. या रचनेला सँडविच म्हणतात. ती हा धक्का फार चांगला सोसते.

उष्णतेसाठी वेळ महत्त्वाचा. कोटेशनमध्ये ‘फॉल्ट रेटिंग ५० केए’ लिहिलेलं असतं आणि २६.७ च्या तुलनेत ते दुप्पट वाटून सगळे निश्चिंत होतात. इथे विचारायचा प्रश्न असा: किती वेळासाठी? एका सेकंदासाठी ५० असेल, तर उत्तम. पण ते एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यासाठी असेल, तर उष्णतेच्या हिशेबाने एका सेकंदाची क्षमता १६ किलोअँपिअरच्याही आत येते. दोन्ही बसडक्टच्या पाटीवर ५० लिहिलेलं असू शकतं आणि आपल्या इमारतीत त्यांतला एक अपुरा ठरतो. आयएस/आयईसी ६१४३९ या मानकाच्या सहाव्या भागाप्रमाणे झालेल्या चाचणीच्या प्रमाणपत्रात हा आकडा, त्याचा कालावधी आणि शिखराचा आकडा तिन्ही असतात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर न थांबता ते प्रमाणपत्रच मागावं.

आणखी एक गोष्ट आराखड्यात सहज निसटते. पुढे लोड वाढला म्हणून सोसायटीने दुसरा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवला आणि दोन्ही एकत्र चालवले, तर फॉल्ट करंट दुप्पट होतो, म्हणजे ५३ किलोअँपिअर. मग कालपर्यंत भक्कम असलेला बसडक्ट, एकही बोल्ट न बदलता, अपुरा होतो. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना जोडले जाणार नाहीत यासाठी इंटरलॉक लागतो आणि तो नंतर कुणी काढून टाकलेला नाही हे पाहावं लागतं.

मात्र प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चूक होते ती बसडक्टच्या बाहेर, टॅप-ऑफ बॉक्समध्ये. कल्पना करा, दुसऱ्या मजल्यावर १६०० अँपिअरच्या पट्ट्यांवरून त्या मजल्यासाठी ३५ चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल काढली आहे. ही केबल एक सेकंद सोसू शकते फक्त ३.३ किलोअँपिअर. तिच्यामागे उभा आहे २५ किलोअँपिअरचा फॉल्ट. हिशेब केला तर तिला मिळतात १७ मिलिसेकंद. आपल्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एक आवर्तन पूर्ण होण्याआधीच तिचं इन्सुलेशन गेलं. तिला वाचवू शकतो तो फक्त बॉक्समधला एमसीसीबी किंवा फ्यूज, आणि तोही करंट शिखरावर पोहोचण्याआधी तोडणारा. त्याची तोडण्याची क्षमता त्या जागच्या फॉल्ट करंटपेक्षा जास्त हवी. बाजारात १० किलोअँपिअर क्षमतेचे ब्रेकर स्वस्तात मिळतात. घराच्या डीबीत ते अगदी योग्य असतात. तेच २५ किलोअँपिअरच्या जागी बसवले, तर ते करंट तोडत नाहीत, स्वतःच फुटतात आणि त्या बॉक्समध्ये ठिणगीचा वणवा होतो. तिसाव्या मजल्यावर २० किलोअँपिअर, दुसऱ्यावर २५; म्हणजे वरच्यांना सूट मिळावी इतका फरकही नाही. सल्लागाराच्या यादीत बसडक्टला रेटिंग लिहिलेलं असतं आणि टॅप-ऑफच्या रकान्यात फक्त ‘१०० अँपिअर’. तोडण्याची क्षमता नसलेला तो रकाना हाच सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा.

आता दुसरी कसोटी, स्लॅबमधलं भोक.

आगीला उभी पोकळी फार आवडते. तळाशी हवा येते, वर गरम वायू चढतात आणि शाफ्ट धुराड्यासारखा खेचू लागतो. म्हणून इमारत संहितेचा नियम स्पष्ट आहे: विजेचा शाफ्ट प्रत्येक मजल्यावर बंद हवा आणि ज्या पदार्थाने तो बंद केला त्याची आग सोसण्याची क्षमता त्या स्लॅबइतकीच हवी. स्लॅब दोन तास टिकणारा असेल, तर सीलही दोन तास. प्रमाणित चाचणीत भट्टीचं तापमान एका तासाला साधारण ९४५ अंशांवर आणि दोन तासांना १०५० अंशांवर असतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. या दोन आकड्यांमध्ये सीलच्या कामाची अवघड बाजू आहे.

सील म्हणून काहीही भरून चालत नाही, हे जगाला महागात पडून कळलं. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या अलाबामातल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात भिंतीतून जाणाऱ्या केबलभोवतीच्या फोममधून हवा गळते का, हे कामगार मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होते. फोम पॉलियुरेथेनचा होता. दाबातल्या फरकामुळे हवा फटीत ओढली जात होती. तिच्याबरोबर ज्योतही गेली आणि फोम पेटला. सुमारे १६०० केबल निकामी झाल्या आणि आग विझायला सात तास गेले. आपल्याकडच्या शाफ्टमध्ये आजही पिवळ्या फेसाचे तेच डबे वापरलेले दिसतात. भोक पटकन भरतं, काम दिसायला नेटकं होतं. पण साधा पीयू फोम हा अग्निरोधक सील नाही, तो जळतो. याचा विसर पडू नये.

योग्य सील वेगळा असतो. खाली दाट रॉकवूल, वर अग्निरोधक लेप किंवा फायरस्टॉप मॉर्टर. आणि जिथे पुढे केबल वाढणार असतील, तिथे आगीत फुगणाऱ्या उशा. फुगणं इथे कामाचं आहे. केबलचं प्लास्टिक आगीत वितळतं आणि तिथे नवीन फट तयार होते. फुगणारा पदार्थ ती फट भरून काढतो. ११६ केबलच्या जुडग्यात प्रत्येक केबलभोवती हा पदार्थ पोहोचवणं जवळपास अशक्य असतं. बाहेरून सील गुळगुळीत दिसतो आणि जुडग्याच्या मधल्या फटींतून धूर सरळ वर जातो. शिवाय केबलचा शाफ्ट कधीच पूर्ण होत नाही. इंटरनेटवाला येतो, सीसीटीव्हीवाला येतो, कुणी एसीचा लोड वाढवतो. प्रत्येकजण एक भोक पाडतो आणि ते बुजवायला कुणी परत येत नाही.

बसडक्टचं भोक एकच, म्हणून सोपं. पण त्यातही दोन खाचा आहेत. पहिली, पेटीच्या आत. पट्ट्यांमध्ये हवा ठेवलेल्या जुन्या रचनेचा बसडक्ट आतून पोकळ असतो. बाहेरची फट कितीही चांगली बुजवली, तरी आग पेटीच्या आतूनच वर जाऊ शकते. अशा बसडक्टला प्रत्येक स्लॅबच्या जागी आतूनही अडसर लागतो आणि तो कारखान्यातच बसवावा लागतो. सँडविच रचनेत आत पोकळी नसते, तरी स्लॅबमधून जाणाऱ्या तुकड्याची आगीची चाचणी झालेली असावी लागते. आता तीनशे सेंटिमीटरचा आराखड्यातला मजला प्रत्यक्षात तीनशे आठ भरला, तर? दोन-तीन मजल्यांत तो फरक साचत जातो आणि आतला अडसर स्लॅबच्या वर किंवा खाली येतो, जिथे त्याचा काही उपयोग नाही. जोडही नेमका स्लॅबच्या जाडीत अडकतो आणि नंतर कधी घट्ट करता येत नाही. म्हणून जाणते लोक बसडक्टची अंतिम ऑर्डर स्लॅब ओतून झाल्यावर, प्रत्येक मजला फितीने मोजून मगच देतात.

दुसरी खाच म्हणजे हालचाल. शंभर मीटर अॅल्युमिनियम ५० अंशांनी तापलं, तर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबतं. त्यासाठी मजल्यामजल्यावर स्प्रिंगचे आधार आणि मध्ये मध्ये प्रसरणाचे तुकडे देतात. गवंड्याने भोवताली साधं सिमेंट ठासून भरलं, तर काही महिन्यांत त्याला तडा जातो आणि तडा म्हणजे पुन्हा धुराला वाट. थोडी हालचाल सोसणारा, चाचणी झालेला सीलच तिथे हवा.

आग आणि फॉल्ट यांच्या पलीकडे बसडक्टचा तिसरा शत्रू पाणी आहे, आणि आपल्या पावसाळी शहरांत तो थोडक्यात सांगून चालणार नाही. गच्चीवरून झिरपलेलं, जिना धुताना शाफ्टच्या दाराखालून शिरलेलं, फुटलेल्या पाइपचं पाणी उभ्या पेटीवरून ओघळतं आणि जोडात शिरतं. तिथे ओल धरली की इन्सुलेशन कमकुवत होतं आणि एखाद्या संध्याकाळी, सगळे एसी चालू असताना, फॉल्ट होतो. केबल गेली तर एका घराची वीज जाते. बसडक्ट गेला तर तीसही मजल्यांची. यासाठी भोकाभोवती स्लॅबवर चार-पाच इंच उंच सिमेंटचा कठडा हवा, पाण्याचा पाइप त्या शाफ्टमध्ये अजिबात नको (संहिताही तेच सांगते) आणि पेटीचं पाण्यापासूनचं संरक्षण म्हणजे आयपी रेटिंग आधीच ठरवायला हवं. बसवताना एकेका मजल्यानंतर मेगरने इन्सुलेशन मोजून लिहून ठेवलं, तर पुढे पावसाळ्यात आकडा घसरतो आहे हे वेळेत कळतं. सैल जोड तापतो. भर लोडच्या वेळी थर्मल कॅमेऱ्याने तो एका फेरीत सापडतो.

मग या तीस मजल्यांच्या इमारतीसाठी काय निवडायचं? घरांच्या विजेसाठी सँडविच बसडक्ट, एका सेकंदाला किमान ३५ किलोअँपिअर, आणि दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडला जाण्याची शक्यता असेल तर ६५. प्रत्येक टॅप-ऑफमध्ये २५ नव्हे, ३६ किलोअँपिअर तोडणारा एमसीसीबी. दहा-बारा मजल्यांच्या, कमी लोडच्या इमारतीत मात्र नीट सील केलेल्या मोजक्या केबल पुरेशा आणि स्वस्त ठरतात. तिथे बसडक्टचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

आणि अग्निशमन पंप, जवानांची लिफ्ट, जिन्यातले दिवे, धूर बाहेर काढणारे पंखे? त्यांची वीज या बसडक्टवरून काढूच नये. संहितेप्रमाणे ती मुख्य पॅनेलवरून वेगळ्या सर्किटने, वेगळ्या मार्गाने जायला हवी. इथे केबलच हवी, पण साधी एफआरएलएस नव्हे. एफआरएलएस केबल आग पसरू देत नाही आणि धूर कमी करते, एवढंच. आगीत ती स्वतः मरते. आगीच्या ज्वाळांतही ठरावीक वेळ वीज वाहत ठेवणारी फायर सर्व्हायव्हल केबल ही वेगळी वस्तू आहे आणि तिचा शाफ्टही वेगळा असायला हवा. मेरिडियन प्लाझात दोन वाहिन्या होत्या. त्या दोन शाफ्टमध्ये नव्हत्या.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली प्रत्येक सोसायटीला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’ घ्यावा लागतो. ती तपासणी बहुतेकदा होज आणि पंपांपाशी संपते. पुढच्या वेळी समितीच्या सभासदांनी विजेच्या शाफ्टचं दार उघडून घ्यावं, वायरमनला बरोबर घ्यावं आणि कशालाही हात न लावता टॉर्चचा झोत वर टाकावा. वरच्या मजल्याची भिंत उजळली, तर तिथे सील नाही. तो मजला लिहून घ्या आणि पुढच्या मजल्यावर जा.